जलसंजीवनी आणि घाम: ओआरएसचे घटक व उन्हातील व्यायामात पाण्याची गरज, पेपरमध्ये काय लिहाल आणि मैदानावर काय प्याल?

पोषणशास्त्राच्या पेपरात दोन प्रश्न बऱ्याचदा शेजारी शेजारी येतात. पहिला, ओआरएसचे घटक व प्रमाण लिहा. दुसरा, उष्ण हवामानात व्यायाम करणाऱ्या व्यक्तीची पाण्याची गरज स्पष्ट करा. नर्सिंग, गृहविज्ञान आणि शारीरिक शिक्षण शिकणारी बरीच मुले दोन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर लिहितात: घाम आला की शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, म्हणून ओआरएस घ्यावे. वाक्य वाचायला बरोबर वाटते, पण त्यात एक मोठी गल्लत आहे. जुलाबात शरीरातून जे जाते आणि घामातून जे जाते, ते एकसारखे नसते. त्यामुळे भरपाईही एकसारखी नसते.

ही गल्लत फक्त गुण घालवत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली गावोगावी पहाटे आणि संध्याकाळी धावताना दिसतात. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत ओआरएसची पुडी असते, किंवा त्याच नावाचे गोड पेय असते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया. आधी पुडी, मग घाम, मग दोन्हींचा हिशोब.

पुडीत काय असते?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सुचवलेले सध्याचे मिश्रण एक लीटर पाण्यासाठी असे आहे:

- सोडियम क्लोराईड (साधे मीठ): २.६ ग्रॅम
- ग्लुकोज: १३.५ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराईड: १.५ ग्रॅम
- ट्रायसोडियम सायट्रेट: २.९ ग्रॅम

एकूण २०.५ ग्रॅम. हे पाण्यात विरघळले की एका लीटरमध्ये सोडियम ७५, क्लोराईड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १० मिलीमोल मिळते. या पाच आकड्यांची बेरीज करा, २४५ येते. हीच त्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी. वेगळी पाठ करायची गरज नाही, पाच आकडे लक्षात असतील तर ती बेरजेतून मिळते.

जुन्या पुस्तकांत मीठ ३.५ ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम आणि ऑस्मोलॅरिटी ३११ असे आकडे दिसतील. ते पूर्वीचे सूत्र आहे. कमी ऑस्मोलॅरिटीच्या नव्या द्रावणाने मुलांमधील जुलाबाचे प्रमाण आणि उलट्या कमी होतात, सलाईन लावण्याची वेळही कमी येते असे दिसल्यावर २००२ मध्ये सूत्र बदलले. पेपरात जुने आकडे लिहिल्यास आजच्या प्रश्नाचे उत्तर चुकते.

आता 'का' हा भाग पाहू, कारण गुण तिथेच मिळतात. "ग्लुकोज ऊर्जेसाठी असते" हे उत्तर अपुरे आहे. एका लीटरमधल्या साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजमधून मिळणारी ऊर्जा ५५ कॅलरीच्या आसपास, म्हणजे अर्ध्या भाकरीएवढीसुद्धा नाही. ग्लुकोजचे खरे काम दुसरे आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत घेते. दोन्ही आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. कॉलरासारख्या आजारात आतड्यातून पाणी बाहेर ओतले जात असते, तरीही हा वाहक काम करत राहतो. म्हणून नुसते पाणी पाजून जे साधत नाही, ते चिमूटभर मीठ आणि थोड्या साखरेने साधते.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. नंतर सोड्याची जागा सायट्रेटने घेतली, कारण सोडा असलेली पुडी दमट हवेत लवकर खराब होते.

ग्लुकोज जास्त झाले तर काय होते, हेही उत्तरात लिहा. आतड्यात साखर जास्त साठली की ती उलट शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच पुडी एका पेल्यात ढवळून देणे ही चूक आहे. एक लीटरची पुडी एक लीटरमध्येच टाकायची. बाजारात छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप आधी वाचायचे. तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे.

पुडी नसेल तर घरगुती पर्याय असा: एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

घामात काय असते?

घाम खारट लागतो म्हणून आपल्याला वाटते की त्यात खूप मीठ असते. प्रत्यक्षात घाम रक्तापेक्षा बराच पातळ असतो. रक्तात एका लीटरला सुमारे १४० मिलीमोल सोडियम असते. घामात ते माणसागणिक बदलते. साधारण २० ते ८० च्या दरम्यान असते, आणि बऱ्याच जणांत ४०–५० च्या आसपास. पोटॅशियम तर त्याहून कितीतरी कमी, सुमारे ५ मिलीमोल.

याचा अर्थ असा की घाम गाळताना शरीर मिठापेक्षा पाणी जास्त गमावते. त्यामुळे रक्तातले सोडियम सुरुवातीला वाढते, कमी होत नाही. तहान लागते ती यामुळेच. शिवाय व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाचे आतडे बिघडलेले नसते, त्याला पाणी शोषायला ओआरएसची मदत लागत नाही. प्यालेले साधे पाणी व्यवस्थित शोषले जाते. जुलाब आणि घाम यांतला हा मुख्य फरक आहे आणि दोन प्रश्नांची उत्तरे इथेच वेगळी होतात.

घाम किती येतो हे हवामानावर, वेगावर आणि सवयीवर ठरते. व्यायामाच्या एका तासात अर्ध्या लीटरपासून दोन लीटरपर्यंत काहीही असू शकते. म्हणून "रोज आठ-दहा ग्लास पाणी प्यावे" हे व्यायामाच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांतच हा फरक दिसतो. एप्रिल-मे महिन्यात जत, आटपाडी किंवा माण-खटाव भागात हवा तापलेली आणि कोरडी असते. घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. धावणाऱ्याला वाटते आपल्याला फार घाम आला नाही, पण बनियनवर मिठाचे पांढरे डाग दिसतात. उलट, पावसाळ्यात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने चढते, तेव्हा हवा थंड पण ओलसर असते. घाम उडत नाही, अंगावरून निथळतो. खूप घाम आल्यासारखे वाटते आणि माणूस पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबतो. पहिल्या ठिकाणी पाणी कमी पिण्याचा धोका आहे, दुसऱ्या ठिकाणी जास्त पिण्याचा.

स्वतःच्या घामाचा हिशोब कसा करायचा?

यासाठी लागतो फक्त एक वजनकाटा आणि पाण्याची मापाची बाटली. धावण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. धावून आल्यावर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन घ्या. मध्ये किती पाणी प्यालात ते मोजा. एक किलो वजन कमी होणे म्हणजे साधारण एक लीटर पाणी कमी होणे.

एक उदाहरण सोडवू. समजा, भरतीची तयारी करणारा ६० किलोचा मुलगा मे महिन्यात सकाळी आठ वाजता तासभर सराव करतो. सरावानंतर वजन ५९.१ किलो भरते. दरम्यान तो ३०० मिली पाणी प्याला आणि लघवीला गेला नाही.

वजनातील घट ०.९ किलो, म्हणजे सुमारे ९०० मिली. त्यात प्यालेले ३०० मिली मिळवले की एका तासाचा घाम १२०० मिली, म्हणजे १.२ लीटर.

आता घट टक्क्यांत काढा. ६० पैकी ०.९ म्हणजे दीड टक्का. क्रीडावैद्यकात साधारण असे मानतात की घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. त्यापुढे हृदयाचे ठोके वाढतात, शरीर जास्त तापते आणि वेग घटतो. ६० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा १.२ किलो. म्हणजे हा मुलगा एक तासाच्या सरावात मर्यादेच्या आत राहिला. त्याला पुडीची गरज नव्हती.

मिठाचे काय? घामात लीटरला ४५ मिलीमोल सोडियम धरले तर १.२ लीटरमध्ये ५४ मिलीमोल, म्हणजे मिठाच्या हिशोबात सुमारे ३ ग्रॅम. अर्ध्या चमच्याच्या आसपास. हे मीठ सरावानंतरच्या जेवणातून, भाकरी-आमटी आणि मीठ घातलेल्या ताकातून, सहज परत मिळते. तो १.२ लीटर ओआरएस प्याला असता तर सोडियम ९० मिलीमोल मिळाले असते, म्हणजे गमावल्यापेक्षा बरेच जास्त. एकदा प्याल्याने निरोगी मुलाचे नुकसान होत नाही, पण रोज पिण्याचे कारणही नाही.

सरावानंतरची भरपाई कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड लीटर अशी धरतात, कारण प्यालेल्या पाण्यातले काही लघवीवाटे निघून जाते. या मुलासाठी ते ०.९ गुणिले १.५, म्हणजे सुमारे १.३५ लीटर. ते एका दमात न पिता दोन-चार तासांत, जेवणासोबत प्यावे.

तासाच्या आत आणि तासाच्या पुढे

सराव तासाभराच्या आतला असेल तर साधे पाणी पुरते. सराव तासाच्या पुढे, सलग आणि उन्हात असेल तर पेयात थोडे मीठ आणि साखर असणे उपयोगी ठरते. इथे साखर खरोखर ऊर्जेसाठी असते. अशा पेयात लीटरला २० ते ३० मिलीमोल सोडियम आणि साधारण ५ ते ८ टक्के साखर पुरेशी मानतात. साखर याहून जास्त झाली तर पेय पोटात रेंगाळते आणि धावताना मळमळते.

घरच्या मापात सांगायचे तर एक लीटर पाण्यात बारा सपाट चमचे साखर आणि पाव चमचा मीठ, वर लिंबू पिळायचे. आता हे मघाच्या घरगुती जलसंजीवनीशी ताडून पाहा. तिथे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ होते. म्हणजे दीर्घ व्यायामाच्या पेयात साखर दुप्पट आणि मीठ निम्मे. एवढी एक ओळ लक्षात राहिली तर दोन्ही पेये पुन्हा कधी मिसळणार नाहीत. जुलाबाच्या रुग्णाला मात्र हे गोड सरबत ओआरएस म्हणून देऊ नये.

हाच नियम बाजारातल्या पेयांना लावा. ओआरएस हे नाव मिरवणाऱ्या पण सूत्रापेक्षा कितीतरी गोड असलेल्या तयार पेयांबद्दल बालरोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे तक्रार केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. तरीही खोक्याच्या दर्शनी भागावर विश्वास न ठेवता मागची घटकांची यादी वाचण्याची सवय लावा.

जास्त पाणी पिण्याचा धोका

उत्तरपत्रिकांत हा भाग सहसा नसतो, आणि असला तर परीक्षकाचे लक्ष जाते. हळू धावणारा माणूस तीन तास धावतो, घाम बेताचा येतो, पण भीतीपोटी तो प्रत्येक टेबलावर पाणी पितो. व्यायामाच्या ताणात मूत्रपिंडे जास्तीचे पाणी लवकर बाहेर टाकू शकत नाहीत. रक्त पातळ होते, सोडियम १३५ च्या खाली जाते आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. धावताना वजन वाढणे हे त्याच्याशी सर्वात जास्त जोडलेले होते.

मैदानावर हे ओळखायचे कसे? पाणी कमी पडलेल्याचे वजन घटलेले असते, त्याला तहान असते, तोंड कोरडे असते आणि लघवी गडद व कमी होते. पाणी जास्त झालेल्याचे वजन तेवढेच किंवा वाढलेले असते, बोटांतली अंगठी घट्ट होते, डोके दुखते, उलट्या होतात, तो असंबद्ध बोलू लागतो. अशा व्यक्तीला "चक्कर आली, अजून पाणी पाज" असे करणे धोक्याचे आहे. त्याला रुग्णालयात न्या. ओआरएसमुळेही हे टळत नाही, कारण त्यातले सोडियम रक्ताच्या निम्मेच असते. प्रमाणाबाहेर प्याल्यास तेही रक्त पातळ करते. म्हणून तहानेनुसार प्या, आणि धावून आल्यावर वजन आधीपेक्षा जास्त नको हा साधा नियम पाळा.

भरतीच्या दिवशी

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार कोसळून मरण पावले. नंतर अंतर कमी झाले. आता पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. ही धाव काही मिनिटांची असते. तेवढ्यात घामाने होणारी घट किरकोळ असते आणि धावण्याच्या तोंडावर लीटरभर पाणी किंवा ओआरएस पिऊन काही मिळत नाही, फक्त पोट जड होते. खरी अडचण आधीच्या तासांत असते: रात्रीचा प्रवास, उपाशी पोट, उन्हातली रांग.

म्हणून चाचणीच्या सुमारे चार तास आधी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ ते ७ मिली पाणी प्या. ६० किलोच्या उमेदवारासाठी ते ३०० ते ४२० मिली. दोन तासांपूर्वी लघवी गडद असेल तर आणखी २०० ते ३०० मिली. सोबत हलके काही खा आणि रांगेत थोडे थोडे पाणी घेत राहा. गावाकडे फक्त थंड पहाटे सराव केला असेल तर उन्हाची सवय आधी १० ते १४ दिवसांत हळूहळू वाढवा. सवय झालेल्या शरीराला घाम लवकर येतो आणि त्यातून मीठ कमी जाते.

एक गोष्ट पाण्याने सुटत नाही. उन्हात धावताना कोणी कोसळला, बरळू लागला आणि अंग चटका बसण्याइतके तापले असेल तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत आणा, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा ओआरएस घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते.

पेपरात उत्तर कसे मांडाल?

दहा गुणांच्या प्रश्नाला हा क्रम ठेवा:

१. ओआरएसचे चार घटक, ग्रॅममधील प्रमाण आणि २४५ ही ऑस्मोलॅरिटी.
२. सोडियम व ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि त्यामागे पाणी जाते, हे कारण.
३. घाम रक्तापेक्षा पातळ असतो आणि व्यायामात आतडे निरोगी असते, हा फरक.
४. घामाचे सूत्र: वजनातील घट अधिक प्यालेले पाणी वजा लघवी. त्याखाली एक सोडवलेले उदाहरण आणि दोन टक्क्यांची मर्यादा.
५. तासाच्या आत पाणी, तासाच्या पुढे मीठ-साखरेचे पेय, नंतर किलोमागे दीड लीटर.
६. शेवटी अतिरिक्त पाण्याचा धोका.

व्यायाम करणाऱ्याला ओआरएस केव्हा द्यावे, असे विचारले तर उत्तर असे: त्याला जुलाब किंवा उलट्या होत असतील तेव्हा, किंवा तासन्‌तास उन्हात घाम गाळून जेवण-खाण झालेले नसेल आणि दुसरे खारट पेय हाताशी नसेल तेव्हा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी मीठ-साखरेची पेये रोज घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. धावल्यानंतर सहा तास लघवीच झाली नाही, लघवी चहाच्या रंगाची झाली, किंवा उलट्या थांबत नसतील तर घरी पुड्या पाजत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.